मध्यरात्री गळा आवळल्यासारखा बंद होतो तेव्हा: स्वरयंत्राचा पेटका आणि ते एक मिनिट

गाढ झोपेतून एकदम जाग येते. श्वास घ्यायला जावं तर हवा आतच शिरत नाही. माणूस ताडकन उठून बसतो, हात गळ्याशी जातो, शेजारच्याला हाक मारायची असते पण आवाज फुटत नाही. दहा-पंधरा सेकंदांनी घशातून शिट्टीसारखा उंच, कर्कश आवाज येतो आणि थोडी हवा आत जाते. पुढच्या श्वासाला आणखी थोडी जाते आणि मिनिटाभरात सगळं पूर्ववत होतं. मागे राहतो बसलेला आवाज, धडधडणारी छाती आणि पुन्हा आडवं व्हायची भीती.

हा स्वरयंत्राचा पेटका. डॉक्टर त्याला लॅरिंगोस्पाझम म्हणतात. पोटरीत पेटका आला की स्नायू आखडतो आणि काही वेळाने आपोआप सुटतो, तसंच इथे होतं. फरक इतकाच की आखडणारे स्नायू श्वासाच्या वाटेवर बसलेले आहेत, म्हणून तेवढाच वेळ मरणाचा वाटतो. हा लेख अशा माणसांसाठी आहे ज्यांना असा झटका एकदा-दोनदा येऊन गेला आहे, किंवा ज्यांच्या घरातल्या कोणाला येतो. झटका का येतो, तो का सुटतो, चालू असताना काय करायचं आणि पुन्हा येऊ नये म्हणून कुठे हात घालायचा, या क्रमाने पुढे जाऊ.

दार कोण लावतं?

गळ्यावर बोटं ठेवून आवंढा गिळा. वर-खाली होणारा कठीण भाग म्हणजे स्वरयंत्र. त्याच्या आत दोन स्वरतंतू आहेत, पुढच्या बाजूला जोडलेले आणि मागे उघडमिट होणारे. बोलताना ते कंप पावतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यांचं मूळ काम आवाजाचं नाही. ते श्वासनलिकेचे राखणदार आहेत. अन्नाचा कण, पाण्याचा थेंब किंवा पोटातलं आंबट पाणी तिथवर आलं की तिथल्या नाजूक त्वचेतल्या नसा मेंदूच्या तळाशी खबर देतात आणि तिथून लगेच हुकूम येतो: दार बंद. यात विचार नसतो. डोळ्यात धूळ जाताच पापणी मिटते, तितकी ही क्रिया आपोआप होते.

जेवताना ठसका लागतो तेव्हा हेच होतं, पण दार क्षणभर मिटून उघडतं आणि खोकला येऊन गेलेला कण बाहेर पडतो. पेटक्यात मात्र चिथावणी संपल्यावरही दार मिटलेलंच राहतं. स्वरतंतू बंद करणारे स्नायू अनेक आहेत आणि ते जोरकस आहेत. उघडणारी स्नायूंची जोडी एकच, मागच्या बाजूला. बंद करणारे सगळे एकदम आवळले गेले की त्या एकट्या जोडीचं काही चालत नाही.

रात्रीच का, याचं उत्तर साधं आहे. आडवं झाल्यावर पोटातला द्रव वर यायला चढ उरत नाही. जागेपणी आपण सतत थोडी थोडी लाळ गिळत असतो आणि अन्ननलिकेत वर आलेलं आम्ल त्या लाळेने धुऊन खाली जातं. झोपेत लाळ जवळपास थांबते, गिळणंही फार विरळ होतं. म्हणजे दिवसा काही सेकंदांत साफ झालं असतं ते रात्री बराच वेळ तिथेच राहतं. ते घशापर्यंत पोचलं तर स्वरयंत्राला थेट टोचतं. अन्ननलिकेच्या खालच्या भागातच राहिलं तरी तिथल्या आणि स्वरयंत्राच्या नसा एकाच मोठ्या नसेच्या शाखा असल्यामुळे स्वरयंत्र चिडू शकतं. म्हणूनच छातीत कधीच जळजळ न होणाऱ्या माणसालाही हा झटका येतो, आणि ‘मला पित्ताचा त्रासच नाही’ म्हणून मूळ कारण बाजूला पडतं.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे नुकतीच होऊन गेलेली सर्दी किंवा घशाचा संसर्ग. आजार बरा होतो, पण स्वरयंत्राची त्वचा पुढे काही आठवडे हळवी राहते, आणि एरवी खपून गेलं असतं अशा जराशा लाळेने किंवा नाकातून मागे उतरणाऱ्या शेंबडाने दार आपटतं. या प्रकारात झटके एका काळात एकवटलेले असतात आणि मग बंद होतात.

तो का सुटतो?

याचं उत्तर नीट समजून घेणं हाच अर्धा उपचार आहे, कारण रात्री दोन वाजता भीती आवरायला दुसरं काहीच हाताशी नसतं.

पहिलं, दार बहुतेक वेळा पूर्ण बंद राहत नाही. सुरुवातीचे काही सेकंद ते घट्ट मिटतं, मग मागच्या बाजूला बारीक फट पडते. तो शिट्टीसारखा आवाज त्या फटीतून जाणाऱ्या हवेचा असतो. ऐकायला तो भयंकर वाटतो, पण आवाज येतोय याचा अर्थ हवा जातेय. आवाज सुरू झाला की झटका उताराला लागला असं धरून चालायला हरकत नाही.

दुसरं, ही क्रिया स्वतःचा लगाम स्वतःच बरोबर घेऊन येते. श्वास थांबला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि ऑक्सिजन कमी होतो. हे दोन्ही बदल दार बंद करणाऱ्या मज्जापेशींना सुस्त करतात, आणि त्याच वेळी श्वास घेण्याचा, म्हणजे दार उघडण्याचा हुकूम अधिकाधिक जोराचा होत जातो.

तिसरा मुद्दा साठ्याचा. झोपेतल्या शांत उच्छ्वासाच्या शेवटी फुप्फुसात सुमारे दोन ते अडीच लिटर हवा उरलेली असते. त्यात साधारण 14 टक्के ऑक्सिजन धरला तर झाला जवळपास 300 मिलिलिटर. शिवाय पाच लिटर रक्तात आणखी सुमारे 800 ते 1000 मिलिलिटर असतो. स्वस्थ पडलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण 250 मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो. घाबरून धडपड केली तर त्याहून बराच जास्त. रक्तातला सगळा साठा वापरता येत नाही हे खरं, तरीही 20-40 सेकंदांच्या झटक्यात निरोगी माणसाचा साठा धोक्याच्या पातळीला येत नाही. गुदमरल्याची ती भयानक भावना मुख्यतः वाढणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे येते, ऑक्सिजन संपल्यामुळे नव्हे. ती ऑक्सिजन संपायच्या पुष्कळ आधी येते, आणि तिचं कामच ते आहे.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर होणारा पेटका याच नावाचा असला तरी भूलतज्ज्ञ तिथे ‘सुटेल आपोआप’ म्हणत थांबत नाहीत, ताबडतोब उपाय करतात. भुलीच्या औषधांखालच्या माणसाचं, विशेषतः लहान मुलाचं गणित वेगळं असतं. तिथल्या गोष्टी वाचून घरच्या झटक्याची धास्ती घेऊ नये, आणि घरच्या झटक्याच्या भरवशावर तिथल्या प्रसंगाला किरकोळही समजू नये.

झटका चालू असताना

सगळ्यात मोठी चूक नैसर्गिकच असते: तोंड वासून, सगळा जोर लावून हवा ओढणं. ती चूक का, हे दोन कागदांनी घरीच पाहता येतं. दोन कागद तोंडासमोर एकमेकांपासून दोन बोटं अंतरावर लोंबते धरा आणि मधून फुंकर मारा. ते दूर जात नाहीत, उलट जवळ येतात. अरुंद फटीतून वेगाने हवा गेली की तिथला दाब उतरतो आणि फटीच्या कडा आत खेचल्या जातात. जोराने श्वास ओढताना स्वरतंतूंचं हेच होतं. दार थोडं उघडू पाहतं आणि आपणच ते ओढून लावतो.

म्हणून जाग येताच आधी उठून बसा किंवा उभे राहा. पाय जमिनीवर, मान सरळ, हनुवटी किंचित पुढे. वर आलेलं आम्ल खाली उतरायला यानेच सुरुवात होते.

मग तोंड मिटा. हे करायला मन धजत नाही, पण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकवा आणि दोन-तीन सेकंद श्वास ओढायचा प्रयत्नच करू नका. तोवर खांदे खाली सोडा.

आता नाकाने फूल हुंगावं तसे दोन छोटे, हलके हुंगे घ्या: ‘हुं-हुं’. हुंगताना स्वरतंतू उघडणारी ती एकटी जोडी कामाला लागते. शिवाय नाकाची वाट अरुंद असल्यामुळे हवा आपोआप सावकाश जाते आणि फटीच्या कडा खेचल्या जात नाहीत. पहिल्या हुंग्याला काहीच आत गेलं नाही तरी जोर वाढवायचा नाही. पुन्हा दोन सेकंद थांबून तेवढाच हलका हुंगा.

थोडी हवा आत गेली की ती मिटल्या ओठांच्या बारीक फटीतून, गरम चहावर फुंकर घालावी तशी तीन-चार सेकंद बाहेर सोडा. आधी हवा बाहेर जाते आणि मग आत येते, असाच अनुभव बहुतेकांना येतो, कारण बाहेर जाणारी हवा स्वरतंतूंना खालून ढकलते. त्यामुळे आत काहीच जात नसेल तर आधी थोडी फुंकर मारून पाहावी आणि मग हुंगावं. हे चक्र पाच-सहा वेळा होईपर्यंत बहुतेक झटके ओसरलेले असतात.

आणखी एक उपाय भूलतज्ज्ञांकडून आला आहे. 1998 मध्ये फिलिप लार्सन या भूलतज्ज्ञांनी तो लिहून ठेवला म्हणून त्याला त्यांचं नाव मिळालं. कानाच्या पाळीच्या मागे, जबड्याच्या हाडाचा मागचा काठ आणि कानामागचं टणक हाड यांच्यामध्ये एक खळगा लागतो. दोन्ही बाजूंच्या खळग्यांच्या अगदी वरच्या टोकाला मधल्या बोटांनी आत आणि पुढे घट्ट दाबायचं. बरोबर जागी दाबलं तर चांगलंच दुखतं. हा उपाय शस्त्रक्रियागृहात वापरला जातो. जाग्या माणसाला घरी तो कितपत कामी येतो हे तसं पक्कं नाही, म्हणून हुंगण्याऐवजी नव्हे, हुंगण्याबरोबर जमला तर करावा. गळ्यावर समोरून मात्र कधीच दाबू नये.

घरातल्यांनी काय करायचं तेही आधीच ठरलेलं बरं. पाठीत धपाटे घालणं हा घशात काही अडकल्यावरचा उपाय आहे. इथे काही अडकलेलं नसतं, त्यामुळे उपयोग शून्य आणि घबराट दुप्पट. तोंडात बोट घालायचं नाही, पाणी पाजायचं नाही. बंद दारावर पाणी ओतलं तर ते पुन्हा त्याच नसांना चाळवतं. समोर बसून, हात धरून संथ आवाजात ‘तोंड मिट, नाकाने हुंग, आता फुंकर’ एवढंच म्हणत राहावं आणि घड्याळाकडे लक्ष ठेवावं. शक्य असेल तर फोनवर आवाज टिपून ठेवावा. ही सूचना निर्दयी वाटेल, पण वीस सेकंदांची ती नोंद डॉक्टरांना पानभर वर्णनापेक्षा जास्त सांगते.

माणूस काही खात असताना किंवा तोंडात काही ठेवून झोपल्यावर गुदमरला तर मात्र ते अडकणंच समजावं आणि त्याचाच प्रथमोपचार करावा.

श्वास नीट सुरू झाल्यावर आणि आवाज परत आल्यावर दोन-चार घोट साधं पाणी घ्यावं, म्हणजे वर आलेलं आम्ल धुऊन जातं. पंधरा-वीस मिनिटं बसून राहावं आणि मग उशाकडची बाजू उंच करून डाव्या कुशीवर झोपावं.

हे सगळं झटक्यात पहिल्यांदा करू पाहिलं तर जमत नाही. झोपेतून दचकून उठलेल्या डोक्याला नवी गोष्ट सुचत नाही, त्याला पाठ असलेलीच करता येते. म्हणून दिवसातून दोनदा, पाच-पाच वेळा, बसून ‘हुंग-हुंग-फुंकर’ करायचं. दोन आठवड्यांत ते हाताला सवय झाल्यासारखं होतं.

हा पेटकाच आहे ना?

रात्री दम कोंडून उठणाऱ्या प्रत्येकाला पेटका नसतो. ओळखायला तीन प्रश्न पुरतात: हवा आत जाताना अडत होती की बाहेर येताना, आवाज फुटत होता का, आणि त्रास किती वेळ टिकला.

पेटक्यात अडथळा आत जाताना असतो, आवाज फुटत नाही किंवा घोगरा येतो आणि सगळं साधारण काही सेकंदांपासून एक-दोन मिनिटांत संपतं. दोन झटक्यांमध्ये माणूस ठणठणीत असतो. दम्यात हवा बाहेर सोडताना सूं-सूं आवाज येतो, खोकला असतो, बोलता येतं आणि त्रास बराच वेळ चालतो. झोपेत श्वास थांबण्याच्या विकारात, म्हणजे स्लीप ॲप्नियात, मोठं घोरणं मधेच तुटतं, माणूस हुंकार देऊन श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला बहुतेक काही आठवत नाही, दिवसभर डुलक्या मात्र येतात. रात्रीच्या पॅनिक अटॅकमध्ये दम कोंडल्याची भावना तीव्र असते, पण हवा आत जाते, शिट्टी वाजत नाही, बोटांना मुंग्या येतात आणि उतरायला दहा-वीस मिनिटं लागतात.

हृदयाचा प्रकार वेगळा आणि गंभीर. झोपल्यानंतर तास-दोन तासांनी दम लागून जाग येते, बसल्यावर सावकाश, दहा-पंधरा मिनिटांनी किंवा त्याहून उशिरा बरं वाटतं, पायांवर सूज असते, दोन-तीन उशांशिवाय झोपता येत नाही. अशा माणसाने या लेखात वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावं.

तातडीने रुग्णवाहिका बोलवायची ती अशा वेळी: दोन मिनिटं झाली तरी हवा जात नाही, ओठ निळे-काळे पडले, माणूस बेशुद्ध झाला, जीभ-ओठ सुजले किंवा अंगावर गांधी उठल्या, छातीत दुखतंय. बेशुद्ध माणूस श्वास घेत नसेल तर मदत येईपर्यंत छाती दाबण्याचा प्रथमोपचार सुरू करावा. आणखी एक गोष्ट क्वचित होते, पण माहीत असलेली बरी. बंद दाराविरुद्ध फार जोराने श्वास ओढला गेला तर छातीतला दाब इतका उतरतो की रक्तातलं पाणी फुप्फुसात झिरपतं. झटका सुटल्यावरही दम राहिला, पुढच्या काही तासांत वाढत गेला किंवा गुलाबी फेसाळ थुंकी आली तर लगेच इस्पितळ गाठायचं. श्वास न ओढता हुंगायचं, याचं हे आणखी एक कारण.

थायरॉइडची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला पेटक्याबरोबर ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या किंवा हातांना वांब येत असतील तर रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असू शकतं. तिथे कारण आणि उपाय दोन्ही निराळे असतात, तपासणी त्याच दिवशी हवी.

एक उदाहरण, तारखांसकट

समजा, 48 वर्षांच्या एका गृहस्थांना पाच आठवड्यांत तीन झटके आले. तिसऱ्यानंतर त्यांनी आठवून-आठवून नोंद केली. वहीत रकाने फार नकोत: जेवणाची वेळ, झोपण्याची वेळ, झटक्याची वेळ, कोणत्या कुशीवर होतो, मद्य घेतलं होतं का, सर्दी होती का, किती वेळ टिकला.

पहिला झटका: जेवण रात्री 10.15, झोप 11, झटका 12.40, उताणे, मद्य घेतलेलं. दुसरा: जेवण 9.45, झोप 10.45, झटका 1.10, उजव्या कुशीवर, मद्य नाही. तिसरा: जेवण 10.30, झोप 11.15, झटका 1, उताणे, जड तळकट जेवण. तिन्ही वेळा 20 ते 40 सेकंद, नंतर तोंडात आंबट चव आणि सकाळी घसा बसलेला. सर्दी एकदाही नाही. छातीत जळजळ म्हणाल तर वर्षानुवर्षं नाही.

मधल्या इतर रात्रींची जेवणंही त्यांनी घरच्यांच्या मदतीने आठवली. ज्या दिवशी साडेसातला जेवण झालं त्यातल्या एकाही रात्री झटका नाही. हा पुरावा पक्का म्हणता येत नाही, तीन झटके म्हणजे फार थोडे. पण वाट दाखवायला पुरेसा आहे. जेवण आणि झोप यांत पाऊण ते एक तास अंतर, भरलेलं पोट, आडवं शरीर, मग दीड ते अडीच तासांनी झटका: आम्ल वर येण्याशी हे सगळं जुळतं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरयंत्र पाहिलं. दोन-तीन मिनिटांचं काम, भूल लागत नाही. स्वरतंतू नीट हलत होते. असंच दिसायला हवं. झटके नसताना स्वरयंत्र निरोगी दिसणं हा या त्रासाचाच स्वभाव आहे, म्हणून ‘काही सापडलं नाही’ ऐकून हिरमुसू नये. गाठ, सूज किंवा हालचालीतला दोष नाही ना, एवढ्यासाठी ती तपासणी असते. घोरणं असतं तर झोपेची तपासणीही सुचवली गेली असती, कारण ॲप्नियात अडलेल्या श्वासाच्या ओढीने आम्ल वर खेचलं जातं आणि दोन्ही त्रास एकमेकांना खतपाणी घालतात.

पुन्हा येऊ नये म्हणून

या गृहस्थांना जे सांगितलं जाईल ते साधारण असं. शेवटचं जेवण आणि आडवं होणं यांत तीन तास. यात दूध, फळं, बिस्किटं सगळं मोजायचं, पाणी तेवढं चालेल. तीन तास जमणारच नसेल तर रात्रीचं जेवण निम्मं करून दुपारचं वाढवावं. मद्य बंद, निदान पहिले दोन महिने. पोटाच्या तोंडाशी असलेली झडप त्याने सैल पडते आणि झोपही इतकी जड होते की गिळणं आणखी कमी होतं.

पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली 15 ते 20 सेंटीमीटरचे ठोकळे. इथे हमखास चूक होते ती उशा वाढवण्याची. उशांनी फक्त मान आणि छाती वाकते, पोट दुमडलं जाऊन उलट दाब येतो आणि रात्रीतून माणूस घसरून खाली येतोच. कंबरेपासून वरचं सगळं अंग एका उतारावर हवं. ठोकळे शक्य नसतील तर पाठीखाली लांब, पाचरीच्या आकाराची गादी घ्यावी. ठोकळे हलणारे नकोत, वर खळगा करून पाय त्यात बसवावेत.

झोपायचं डाव्या कुशीवर. पोटाची ठेवण अशी आहे की डाव्या कुशीवर अन्ननलिकेचं तोंड आम्लाच्या पातळीच्या वर राहतं, उजव्या कुशीवर ते बुडतं. रात्रभर कूस टिकत नाही हे खरं, पण जेवणानंतरचे पहिले दोन-तीन तास टिकली तरी फरक पडतो.

आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या डॉक्टरच ठरवतील, पण त्या कशा घ्यायच्या यात घोटाळा होतो. ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल जातीच्या गोळ्या जेवणाआधी 30 ते 60 मिनिटं घ्यायच्या असतात. पोटातले आम्ल तयार करणारे पंप जेवणाने जागे होतात आणि गोळी जागे झालेले पंपच बंद करू शकते. झोपताना रिकाम्या पोटी घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. त्रास रात्रीचा असेल तर ती रात्रीच्या जेवणाआधी घ्यायची का, हे विचारून घ्यावं. दोन दिवसांत निकाल लागत नाही. घसा शांत व्हायला वेळ लागतो, म्हणून डॉक्टर सहसा आठ आठवडे किंवा थोडे जास्त देऊन पाहतात. झोपताना घ्यायचं अल्जिनेटचं द्रव औषध वेगळ्या तऱ्हेने काम करतं: पोटातल्या द्रवावर तराफ्यासारखा थर तरंगवतं, त्यामुळे वर आलंच तर आम्लाऐवजी तो थर येतो. त्यानंतर काही खायचं-प्यायचं नाही.

सर्दीनंतरच्या झटक्यांना हे सगळं लागत नाही. त्यात खारट पाण्याने नाक धुणं, घसा खाकरायची सवय आवरणं आणि काही आठवडे वाट पाहणं बहुधा पुरतं. खाकरण्याने स्वरतंतू एकमेकांवर आपटतात आणि हळवेपणा टिकून राहतो. खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी गिळावं.

वर सांगितलेल्या माणसाला आठ आठवडे झटका आला नाही असं धरू. डॉक्टर गोळी उतरवत आणतील तेव्हा सावध राहायचं ते एका गोष्टीबद्दल. बरेच दिवसांची गोळी थांबली की पंप पहिले काही आठवडे नेहमीपेक्षा जोमाने आम्ल तयार करतात. त्या काळात एखादा झटका आला तर औषध जन्मभर लागणार असा अर्थ लगेच काढू नये. जेवणाचं अंतर कडक पाळावं, अल्जिनेट चालू ठेवावं, वहीत तारीख लिहावी. पुढच्या तीन-चार आठवड्यांतही झटके येत राहिले तर वही घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जावं. पलंगाखालचे ठोकळे मात्र गोळीबरोबर काढायचे नाहीत.